पॉवर विंडोचा फ्यूज वारंवार उडतो: मोटर जाम, वायर घासलेली की फ्यूजच चुकीचा?

निळी_हॅचबॅक

नमस्कार मंडळी. गाडी नऊ वर्षांची आहे, पुढे दोन आणि मागे दोन अशा चारही काचा पॉवरच्या. गेल्या दोन महिन्यांत पॉवर विंडोचा फ्यूज चार वेळा उडालाय. चारही काचांना मिळून एकच फ्यूज आहे, त्यामुळे उडाला की सगळ्याच बंद. गॅरेजमध्ये दोनदा दाखवली. पहिल्यांदा नुसता फ्यूज बदलून दिला. दुसऱ्यांदा म्हणाले, की ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटची काच जड चालते, तिची मोटर जाम होतेय, मोटर बदला.

मला खटकतं ते एवढंच, की ती काच जरा हळू चढते खरी, पण अडकत कधीच नाही. मोटर बदलून पुन्हा फ्यूज उडाला तर काय, हा प्रश्न आहे. आधी खात्री करायची आहे. कशी करू?

पाना१०_११

मोटरच आहे, डोळे झाकून बदला. माझ्या जुन्या गाडीत अगदी हेच होतं. दारात पाणी साचून मोटर गंजली होती, बटण दाबलं की नुसता "टक" आवाज यायचा आणि काच जागची हलायची नाही. तोवर काम चालवायचं असेल तर फ्यूज एक पायरी मोठा टाका. २० चा असेल तर ३० टाका, ३० उडाला तर ४०.

तारांचा_गुंता

४० टाकू नका. कुणीही टाकू नका, ही विनंती. फ्यूज मोटरला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. फ्यूजबॉक्सपासून स्विचपर्यंत येणारी वायर ३० च्या हिशेबाने दिली असेल आणि तुम्ही ४० टाकलात, तर कार्पेटखालून जाणारी ती वायरच फ्यूजचं काम करायला लागते. ती वितळते तेव्हा तिच्या शेजारच्या दहा वायरीही सोबत घेऊन जाते.

निळी_हॅचबॅक, मोटर, वायर आणि फ्यूज या तिघांना वेगळं काढायला सामान फारसं लागत नाही. आधी तीन गोष्टी बघून सांगा.

फ्यूजबॉक्सच्या झाकणावर या फ्यूजसमोर कोणता आकडा छापलाय, आणि प्रत्यक्ष खाचेत कोणत्या आकड्याचा बसलाय?

उडालेले फ्यूज टाकून दिलेत की आहेत? असतील तर उजेडात धरून आतली पट्टी कशी तुटलीय ते नीट बघा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक वेळी फ्यूज उडाला त्या क्षणी तुम्ही नक्की काय करत होता? कोणतं बटण, कोणत्या दारावरचं, काच वर की खाली, गाडीचं दार उघडं की बंद. आठवून लिहा.

नवशिकी_चालक

माझ्याही गाडीत हाच प्रॉब्लेम आहे! काच वर जाते आणि वरच्या टोकाला पोचायच्या आधीच परत खाली येते. फ्यूज बदलून बघू का?

तारांचा_गुंता

ताई, तुमचा फ्यूज शाबूत आहे, तो उडाला असता तर काच हललीच नसती. काचेत बोट अडकलं तर ती मागे यावी अशी सोय काही गाड्यांत असते. काचेच्या कडेचं रबर कोरडं पडलं की त्या यंत्रणेला वाटतं काहीतरी अडकलंय. रबराच्या खाचा ओल्या फडक्याने पुसून सिलिकॉन स्प्रे मारा. बॅटरी काढली-लावली असेल तर काचेची सेटिंगही पुन्हा करावी लागते, पद्धत गाडीच्या पुस्तकात असते. इथे विषय वेगळा आहे, हवं तर स्वतंत्र धागा काढा.

निळी_हॅचबॅक

झाकणावर ३० आहे. आणि गॅरेजवाल्याने बसवलेला पिवळा निघाला, त्यावर २० लिहिलंय! हे मी कधी बघितलंच नव्हतं.

चारही उडालेले फ्यूज डॅशबोर्डच्या खणात होते. तीन पिवळे २० चे, आणि एक हिरवा ३० चा, जो मूळचा गाडीतला असावा, कारण सगळ्यात आधी तोच उडाला होता. पिवळ्यांमध्ये पट्टी मधोमध तुटलीय, प्लास्टिक मात्र स्वच्छ आहे, आरपार दिसतं. हिरवा वेगळा दिसतो. आतून काळा झालाय, जणू धूर बसलाय, आणि पट्टीचे बारीक मणी प्लास्टिकला चिकटलेत.

कधी उडाला ते आठवलं तेवढं लिहितो. पिवळ्यांपैकी दोन नक्की पार्किंगमध्ये उडाले. मी गाडी लावली की पुढच्या दोन्ही काचांची बटणं एकदम वर खेचून धरतो, दोन्ही बंद झाल्याची खात्री होईपर्यंत. तिसरा पिवळाही बहुतेक तसाच. हिरव्याच्या वेळी मी गाडीतून उतरत होतो, चावी फिरवलेलीच होती. बाजूची काच उघडी राहिल्याचं दिसलं म्हणून माझ्या दारावरचं तिचं बटण वर केलं आणि सगळं गेलं.

तारांचा_गुंता

उत्तम निरीक्षण. यात दोन वेगळे दोष एकमेकांत मिसळलेत असं मला दिसतं.

पिवळे आधी घेऊ. पट्टी मधोमध शांतपणे वितळलीय, काजळी नाही, म्हणजे करंट जास्त होता पण अफाट नव्हता. पट्टी तापत गेली आणि तुटली. काचेची मोटर चालताना साधारण पाच ते आठ अँपिअर घेते, पण काच वर टेकल्यावरही बटण धरून ठेवलं की मोटर अडते आणि करंट १५ ते २५ पर्यंत चढतो. तुम्ही दोन मोटरी एकदम अडवून धरता. म्हणजे ४० च्या आसपास गेला समजा. २० च्या फ्यूजला तो दुप्पट झाला, आणि दुप्पट करंटला असा फ्यूज पाच सेकंदांच्या आत जातो. तोच करंट ३० च्या फ्यूजला सव्वापट-दीडपटीच्या मधला. तेवढा तो कितीतरी जास्त वेळ सोसतो, आणि त्याआधी तुम्ही बटण सोडलेलं असतं. म्हणजे पिवळे गेले ते चुकीच्या आकड्यामुळे.

हिरव्याची गोष्ट तशी नाही. काजळी आणि मणी याचा अर्थ पट्टी वितळायला वेळच मिळाला नाही, तिचा स्फोट झाला. इतका करंट अडलेली मोटर घेऊ शकत नाही. वायरीचं तांबं थेट बॉडीच्या पत्र्याला लागलं तरच इतका करंट जातो.

एक प्रयोग करा, दहा मिनिटांचा. ३० चा फ्यूज घाला. बाजूच्या सीटवर बसा आणि त्या दारावरच्या बटणाने तीच काच दहा वेळा वर-खाली करा. मग ड्रायव्हरच्या सीटवरून करा. मग ड्रायव्हरचं दार अर्धं उघडून करा. फ्यूज कधी उडतो ते सांगा. दोन-तीन फ्यूज जवळ ठेवा.

पाना१०_११

३० टाका हे तर मीच पहिल्यांदा सांगितलं होतं. आणि मोटर अडली की फ्यूज उडतो हेही तुम्ही मान्य करताय.

तारांचा_गुंता

३० बरोबर होता, पण तो झाकणावर छापलाय म्हणून. एक पायरी वर म्हणून नव्हे. जाम मोटरबद्दल तुमचा अनुभवही खराच आहे. पण तुमच्याकडे "टक" आवाज होता आणि काच हलत नव्हती, इथे काच चालतेय. शिवाय बहुतेक विंडो मोटरींच्या आत स्वतःचं तापमान-कटऑफ असतं. मोटर खरोखर अडली की थोड्या वेळाने ती आपणहून गप्प बसते, गार झाली की पुन्हा चालू होते. योग्य आकड्याचा फ्यूज असताना जाम मोटरची खूण बऱ्याचदा हीच असते, "मध्येच बंद पडते, पंधरा मिनिटांनी चालते". फ्यूज जागेवरच असतो.

रोजचा_प्रवासी

वायपरसाठीही हाच न्याय लागू होतो का? माझ्या वायपरचा फ्यूज फक्त पावसात उडतो, कोरड्या दिवसांत कधीच नाही. गॅरेजवाले म्हणतात मोटर जड झालीय.

तारांचा_गुंता

बराचसा लागू होतो. वायपरचे हात बोनेटच्या बाजूने निखळवा आणि मोटरच्या टोकाला जोडलेली लिंकची दांडीही काढा. मग लिंक हाताने फिरवून बघा. ती हाताला जड लागली तर धुरीच्या बुशमध्ये गंज आहे, मोटर निर्दोष. नुसती मोटर मोकळी चालवून फ्यूज टिकला, तरी हाच निष्कर्ष.

पण "फक्त पावसात" हे मला निराळं वाटतं. कोरड्या काचेवर रबर जास्त अडतं, ओल्या काचेवर कमी. जड मोटर असती तर उलट व्हायला हवं होतं. काच धुणाऱ्या पाण्याचा पंप त्याच फ्यूजवर आहे का बघा, आणि पंपाच्या कपलरमध्ये पाणी शिरतंय का तेही.

निळी_हॅचबॅक

प्रयोग केला. बाजूच्या सीटवरच्या बटणाने वीस वेळा वर-खाली केली, फ्यूज शाबूत. माझ्या दारावरून, दार बंद ठेवून, तरीही शाबूत. मग दार हळूहळू उघडत, वरचं बटण दाबत गेलो. दार निम्म्याच्या थोडं पुढे गेलं आणि फ्यूज गेला. हिरवाच, आतून काळा. दुसरा घालून त्याच जागी दार धरून काच खाली केली तर काही झालं नाही.

म्हणजे माझ्या दारातली वायर? पण काच तर दुसऱ्या दाराची आहे!

तारांचा_गुंता

मला हेच हवं होतं. आता बघा, मोटर तीच, काच तीच, रबर तेच. बाजूच्या बटणाने वीस वेळा चालली आणि काही झालं नाही. मोटर इथेच सुटली.

साध्या वायरिंगच्या गाडीत ड्रायव्हरच्या दारावर मास्टर स्विच असतो. त्यातून बाजूच्या काचेसाठी दोन वायरी निघतात, एक वरची, एक खालची. त्या तुमच्या दारातून, बिजागरीजवळच्या रबरी नळीतून बॉडीत जातात, डॅशबोर्डखालून पलीकडच्या दारात, तिथल्या स्विचमधून मोटरला. बटणं सोडलेली असतात तेव्हा या दोन्ही वायरी मास्टर स्विचमध्ये अर्थलाच जोडलेल्या असतात. म्हणून त्या पत्र्याला घासल्या तरी एरवी काहीच कळत नाही. तुम्ही वर दाबता तेव्हा वरच्या वायरीत बारा व्होल्ट येतात, आणि ती उघडी असेल तर धाड. खाली दाबता तेव्हा तीच वायर अर्थ असते, त्यामुळे शांतता. बाजूच्या दारावरचं बटण दाबलं, की तो स्विच मोटरचं ते टोक या वायरीवरून सोडवून थेट तिथल्या सप्लायला जोडतो. मग त्या वायरीत व्होल्टेज येतच नाही.

ज्यांच्या दारात इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल आहेत, त्यांना हे जसंच्या तसं लागू होणार नाही, तिथे बटण नुसता इशारा पाठवतं. तुमच्या गाडीची लक्षणं मात्र साध्या वायरिंगशी तंतोतंत जुळतात.

सोल्डरगन

मी हार्नेस दुरुस्तीचंच काम करते. आता आणखी फ्यूज जाळू नका, बल्ब लावा. उडालेल्या फ्यूजच्या डोक्यावर, दोन्ही बाजूंना, धातूचा छोटा उघडा ठिपका असतो. त्या ठिपक्यांना दोन वायरी सोल्डर करा आणि दुसऱ्या टोकांना २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब जोडा. हा फ्यूज खाचेत घातला की पट्टीच्या जागी बल्ब आला. कितीही शॉर्ट झालं तरी पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जात नाही, बल्ब नुसता पूर्ण पेटतो. मग दार हलवत राहायचं आणि बल्ब बघायचा. तारांचा_गुंता यांचं निदान बरोबर आहे, पण दार खोलायच्या आधी जागा पक्की झालेली बरी.

निळी_हॅचबॅक

बल्ब लावला आणि आता गोंधळ झालाय. चावी फिरवली, बल्ब बंद, ठीक. बाजूच्या काचेचं बटण वर दाबलं तर दार बंद असतानाही बल्ब लख्ख पेटला, काच जेमतेम थरथरली. खाली दाबलं तरी पेटला. म्हणजे शॉर्ट दोन्हीकडे आहे? की शेवटी मोटरच?

पाना१०_११

बघा. मी काय म्हणत होतो.

सोल्डरगन

चूक माझी, अर्धवट सांगितलं. मोटरचा रोध एखाद्या ओहमच्या आसपास असतो आणि पेटलेल्या बल्बचा सात. दोघं एका रांगेत आले की व्होल्टेज जवळजवळ सगळं बल्ब खातो. त्यामुळे चांगली मोटर जोडलेली असली तरी बल्ब लख्खच दिसतो. मोटर आणि शॉर्ट यांच्यात त्याला फरक करता येत नाही. बाजूच्या दाराचं पॅड काढून मोटरचा कपलर सुटा करा. तो सुटल्यावर बटण दाबूनही बल्ब विझलेलाच राहिला पाहिजे. आता पेटला तर ते वायरीमुळेच.

दारात पिवळ्या स्लीव्हचा कपलर दिसला तर त्याला हात लावू नका, तो एअरबॅगचा असू शकतो.

निळी_हॅचबॅक

आज सुट्टी होती, सगळं केलं. मोटरचा कपलर सोडला. वर दाबलं, बल्ब बंद. मग मी बटण धरून बसलो आणि बायको बाहेरून माझं दार हळूहळू उघडत गेली. निम्म्याच्या थोडं पुढे बल्ब लुकलुकला आणि मग पूर्ण पेटला. दार आणखी उघडलं की विझला. बंद करताना त्याच जागी पुन्हा पेटला. खाली दाबून तेच केलं, बल्ब एकदाही पेटला नाही.

बॅटरीची निगेटिव्ह काढून बिजागरीजवळची रबरी नळी सोडवली. बॉडीच्या बाजूला ती तिच्या भोकातून अर्धी निसटली होती आणि वायरींचा जुडगा थेट पत्र्याच्या कडेवर टेकला होता. त्यातल्या एका वायरीचं इन्शुलेशन नखाएवढ्या लांबीत सोललंय, आतलं तांबं हिरवं पडलंय. शेजारच्या दोन वायरींना चिरा आहेत, पण तांबं अजून दिसत नाही. मोबाईलच्या टॉर्चमध्ये पत्र्याच्या कडेवर एक काळा जळका ठिपकाही दिसला.

आता टेप गुंडाळू का?

तारांचा_गुंता

टेप नको. दार रोज कित्येक वेळा वळतं, टेप त्या वळणावर सुटतो आणि चिकट होऊन आणखी घाण धरतो. हिरवं पडलेलं तांबंही कडक झालेलं असतं, काही महिन्यांत आतून तुटेल. तेवढा तुकडा कापून काढा आणि त्याच जाडीची, बारीक तारांची लवचीक वायर घाला. जोड वळणाच्या जागी नको, नळीच्या दोन्ही टोकांच्या पलीकडे घ्या, एक दाराच्या आत, एक बॉडीच्या आत. चिरा पडलेल्या दोन वायरीही आत्ताच बदला. सगळे जोड एकाच रेषेत आणू नका, नाहीतर जुडगा तिथे फुगतो आणि नळीत बसत नाही. शेवटी नळीची कड भोकात सगळीकडून बसलीय ना हे बोटाने फिरवून बघा, कारण मूळ दोष तिथूनच सुरू झाला.

सोल्डरगन

जोड सोल्डर करून वर हीट श्रिंक.

तारांचा_गुंता

इथे माझं मत वेगळं आहे. सोल्डर तारांमध्ये वर चढतं आणि ते जिथे संपतं तिथे वायर ताठ होते. हलत्या जागेजवळ ती बरोबर तिथेच तुटते. मी चांगल्या पकडीने क्रिंप करतो आणि आतून गोंद असलेली श्रिंक चढवतो.

सोल्डरगन

जोड वळणापासून लांब असेल आणि वायर दोन्हीकडे बांधलेली असेल तर सोल्डर वर्षानुवर्षं टिकतं. माझ्याकडे परत आलेले जोड बहुतेक वेळा स्वस्त पकडीने दाबलेले क्रिंपच असतात. ज्याच्याकडे चांगली क्रिंपिंगची पकड नाही त्याला मी सोल्डरच सांगेन.

निळी_हॅचबॅक

माझ्याकडे चांगली पकड नाही, म्हणून सोल्डर केलं, वळणापासून वीतभर आत, आणि वायर दोन्हीकडे पट्टीने बांधली. तीन वायरी बदलल्या. नळी बसवायला अर्धा तास लागला, कड आत ढकलायला प्लास्टिकचा बोथट चमचा कामी आला.

मग बल्बची चाचणी पुन्हा केली. दार पूर्ण उघडून-मिटून, वर आणि खाली, बल्ब विझलेलाच. त्यानंतर मोटर जोडून ३० चा फ्यूज घातला.

डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर एका मित्राकडून आणला. (त्याच्याकडचा पहिला फक्त एसीचा होता, तो शून्यच दाखवत राहिला.) माझी काच चढताना ६, बाजूची ८. वर टेकून धरल्यावर माझी १८, बाजूची १९. दोन्ही एकदम धरल्या तर ३७. तुमचा अंदाज अगदी जवळ होता. बाजूच्या काचेच्या रबरात सिलिकॉन मारल्यावर ती साडेसहावर आली. काच टेकली की बटण सोडायची सवयही लावून घेतोय.

पाना१०_११

८ वरून साडेसहा फक्त रबरामुळे झालं असेल तर मोटर चांगली आहे, मान्य. बदलली असती तरी तो शॉर्ट तसाच राहिला असता.

रोजचा_प्रवासी

माझं अपडेट. काच धुण्याचा पंप वायपरच्याच फ्यूजवर निघाला. पंपाचा कपलर काढून ठेवलाय आणि काल पाऊस झाला, फ्यूज उडाला नाही. पण एकाच पावसावरून काही म्हणता येत नाही. कपलरच्या आत हिरवट थर आहे, मात्र तिथे येणारी वायर पुढच्या चाकाच्या आतल्या प्लास्टिकमागून जाते आणि ती मी अजून बघितलेली नाही.

तारांचा_गुंता

तेच प्लास्टिक काढा. चाकाने उडवलेलं पाणी नेमकं तिथे बसतं. कपलर सुटाच ठेवा, वायपरच्या फ्यूजच्या जागी बल्ब घाला, चावी फिरवा आणि वायपरच्या दांडीवरचं काच धुण्याचं बटण दुसऱ्या कुणाला धरून ठेवायला सांगा. ते बटण दाबलं की वायपरही सुरू होतात, म्हणून वायपर मोटरचा कपलरही काढून ठेवा, नाहीतर बल्ब तिच्यामुळेच पेटेल. मग त्या वायरीवर थोडं थोडं पाणी शिंपडत पुढे जा. बल्ब कुठे पेटतो ते इथे लिहा.